दत्तजयंतीची पालखी मिरवणूक व ध्वनिक्षेपक परवानगीसाठी अर्ज

दिनांक : 24 नोव्हेंबर 2026

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
व्ही. पी. रोड पोलीस ठाणे,
गिरगाव, मुंबई

विषय : दि. 23 डिसेंबर 2026 (बुधवार) रोजी पालखी काढण्यास व ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

खाडिलकर रोडवरील आमच्या चाळीत दरवर्षी दत्तजयंती साजरी होते. यंदाही चौकात दुपारी 4 पासून कीर्तन, सूर्यास्ताला जन्मसोहळा आणि सायंकाळी 7 ते 9 पालखी असा कार्यक्रम योजला आहे.

ध्वनिक्षेपक फक्त कीर्तन व जन्मसोहळ्यासाठी, दुपारी 4 ते सायंकाळी 6.30 या वेळेत हवा आहे. चौकात दोनच स्पीकर असतील, दोन्ही आतल्या बाजूला तोंड करून. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ठरलेली 55 डेसिबलची मर्यादा ध्वनिक्षेपकवाल्यास लेखी कळवली आहे. पालखीबरोबर ध्वनिक्षेपक, डीजे किंवा ढोल-ताशा नाही. टाळ, मृदंग आणि चाळीतल्या मुलांचे लेझीम एवढेच. (ताशा नाही म्हणून पोरे रुसली आहेत, पण अरुंद गल्लीत दुतर्फा चाळींच्या भिंती असताना तो कानठळ्या बसवतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.)

पालखी खाडिलकर रोडवरून जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर येईल, ठाकूरद्वार नाक्यापर्यंत जाईल आणि त्याच वाटेने परतेल. प्रार्थना समाजाच्या बाजूला हरकिसनदास रुग्णालय असल्याने तिकडे पालखी वळवणार नाही. तिकडच्या काही घरांनी ओवाळणीचा आग्रह धरला होता; त्यांना चौकातच येण्याची विनंती केली आहे. वाटेत शाळेसमोर वाद्ये बंद राहतील. सायंकाळी गिरगाव मेट्रो स्थानकाच्या दारांशी गर्दी असते, तिथे पालखी थांबणार नाही. ओवाळणीसाठी ठाकूरद्वारला पाचेक मिनिटांचा एकच थांबा आहे.

पालखीत सुमारे 150 माणसे असतील, त्यात वयस्कर बायका व लहान मुले बरीच. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने चालू. दोरी धरायला आमचे 20 कार्यकर्ते आहेत, तरी नाक्यावर वळताना बेस्टच्या बसगाड्या थोपवायला वाहतूक हवालदार लागेलच, आमच्या शिट्टीला कोणी जुमानत नाही. तशी सूचना वाहतूक विभागास आपल्यामार्फत व्हावी, ही विनंती. फटाके व गुलाल वापरणार नाही. रात्री चौकात भजन होईल, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय आणि 10 च्या आत संपेल.

चौक खासगी जागेत असून घरमालकाचे ना हरकत पत्र, मार्गाचा नकाशा, कार्यकर्त्यांची यादी मोबाइल क्रमांकांसह व पदाधिकाऱ्यांच्या आधारकार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. परवानगीतील अटी आम्हांस मान्य राहतील. मार्गात बदल सुचवायचा असल्यास 15 डिसेंबरपूर्वी कळवावा, म्हणजे घरोघरी निरोप देता येईल.

आपला विश्वासू,
(सही)
रमेश वामन पाध्ये
कार्यवाह, दत्तजयंती उत्सव समिती,
खाडिलकर रोड, गिरगाव