दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन : आजारपणामुळे दोन दिवसांची मुदतवाढ आणि बदली वाचकासाठी परवानगी मिळण्याबाबत

सातारा, १० सप्टेंबर २०२५

आदरणीय जोशी सर,

स. न. वि. वि.

मला डेंग्यू झाला आहे. ५ तारखेला ताप आला, ७ तारखेच्या रक्ततपासणीत निदान झाले आणि ८ तारखेपासून मी रुग्णालयात आहे. काल ताप उतरला, पण याच टप्प्यावर प्लेटलेट घसरतात आणि माझ्या आज सकाळी ६२ हजार आहेत. डॉक्टरांनी १७ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. त्यानंतरही अशक्तपणा राहील आणि पूर्ण दिवस काम करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तपासणीचे अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. ते आपल्यापुरतेच ठेवावे, ही विनंती.

आपल्या करारात रजेची तरतूद नाही, याची मला जाणीव आहे. न केलेल्या कामाचे किंवा आजारपणाच्या दिवसांचे पैसे मी मागत नाही. अंक ठरल्या दिवशी छापखान्यात जावा यासाठी दोन गोष्टींना आपली लेखी संमती हवी आहे. पहिली, उरलेल्या कामाचा एक भाग वैशालीताईंकडून करून घेण्याची. दुसरी, माझ्याकडे राहणाऱ्या भागासाठी २० सप्टेंबरऐवजी २२ सप्टेंबरपर्यंतच्या मुदतीची.

आज काम कुठे आहे

अंक २०८ पानांचा, म्हणजे १६ पानी १३ फर्म्यांचा. पहिले वाचन पान १ ते १३६ पूर्ण झाले आहे. दुसरे वाचन फक्त फर्मा १ ते ३, म्हणजे पान ४८ पर्यंत झाले आहे. फर्मा ४ ते ८ (पान ४९ ते १२८) यांच्या पहिल्या वाचनातल्या दुरुस्त्या उमेशने करून ठेवल्या आहेत, ती पाने दुसऱ्या वाचनाची वाट पाहत आहेत. नववा फर्मा अर्ध्यावर अडला आहे : १२९ ते १३६ वाचून झाली, १३७ पासून पुढे एकाही पानाला हात लागलेला नाही.

थोडक्यात, पहिल्या वाचनाची ७२ पाने आणि दुसऱ्या वाचनाची १६० पाने बाकी आहेत.

फर्मा २ आणि ३ आजच छापखान्याला द्यायला हरकत नाही. फर्मा १ मात्र कृपया थांबवावा. त्यात अनुक्रमणिका आहे आणि पुढे एखादी जाहिरात वाढली किंवा सरकली की लेखांचे पृष्ठांक बदलतात. तो सर्वांत शेवटी गेलेला बरा.

वाटणी कशी असावी

वैशालीताई अनेक वर्षे ललित आणि वैचारिक दोन्ही मजकुराचे मुद्रितशोधन करतात. ११ ते १८ सप्टेंबर हे दिवस त्या देऊ शकतात, हे मी काल त्यांना फोनवर विचारून घेतले. करारानुसार आपल्या संमतीशिवाय मजकूर दुसऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून एकही फाइल त्यांना अजून पाठवलेली नाही.

एकाच माणसाने एका पानाची दोन्ही वाचने सलग करू नयेत, असे मला वाटते. पहिल्या वाचनात जे नजरेतून सुटते ते त्याच नजरेतून दुसऱ्यांदाही सुटते, कारण मजकूर ओळखीचा झालेला असतो. ही अडचण आली आहे, तर तिचा तेवढा उपयोग करून घ्यावा. मी पहिल्यांदा वाचलेली पाने त्या दुसऱ्यांदा वाचतील आणि त्यांनी पहिल्यांदा वाचलेली मी दुसऱ्यांदा वाचेन.

११ ते १४ सप्टेंबर : वैशालीताई पान १३७ ते २०८ चे पहिले वाचन करतील, रोज १८ पाने. त्या दिवसाची पाने त्याच संध्याकाळी उमेशकडे जातील, चारही दिवसांची एकदम नव्हे. तसे केले तरच नवव्या फर्म्याच्या दुरुस्त्या १७ तारखेपर्यंत संपतील.

१५ ते १८ सप्टेंबर : वैशालीताई पान ४९ ते १२८ चे दुसरे वाचन करतील, रोज २० पाने.

१८ ते २२ सप्टेंबर : मी फर्मा ९ ते १३ चे दुसरे वाचन करेन, रोज एक फर्मा. एरवी मी दिवसाला ३० पाने वाचते, पण या आठवड्यात १६ च्या वर आकडा देणे खोटे आश्वासन ठरेल. पान १२९ ते १३६ ही आठ पाने मात्र दोन्ही वेळा माझ्याच नजरेखालून जातील. ती आपण स्वतः एकदा पाहिलीत तर बरे होईल.

२३ सप्टेंबर : शेवटची पडताळणी. यात पूर्ण वाचन नसते. सांगितलेली दुरुस्ती झाली आहे का, आणि ती करताना ओळ पुढे सरकून स्तंभाच्या तळाची ओळ गळली किंवा पुढच्या पानावर गेली का, एवढेच पाहायचे असते. तोवर छापखान्यात न गेलेल्या सर्व फर्म्यांची ही पडताळणी मीच करेन, वैशालीताईंनी वाचलेल्यांचीसुद्धा. अंकात चूक राहिली तर जबाबदारी माझी, करारात आहे तशीच.

छापखान्याला शेवटचा फर्मा २४ तारखेला द्यायचा आहे, तो दिवस हलत नाही. उशीर माझ्या आणि आपल्या मधल्या मुदतीत होतो. वैशालीताई नसतील तर मात्र एकटीने १८ तारखेपासून हे सारे संपवायला मला २ ऑक्टोबर, म्हणजे दसरा उजाडेल. तेवढी मुदत मागणे अंकाच्या हिताचे नाही.

वैशालीताईंना काय देणार

आपली संमती येताच मी त्यांना तीन फाइली पाठवेन. पहिली, न वाचलेल्या पानांची. दुसरी, या अंकासाठी ठरलेल्या लेखनपद्धतीची दोन पाने. लेखांत ‘असे, केले’ आणि कथांमधल्या संवादांत ‘असं, केलं’. मालवणी आणि अहिराणी संवादांना प्रमाणलेखनाचे नियम लावायचे नाहीत. कवितेतली ओळ जिथे तुटते तिथेच ठेवायची, स्तंभात मावत नसेल तर उमेशला अक्षराचा आकार कमी करायला सांगायचे. बाकी सर्वत्र साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे मिळून अठरा नियम.

त्या पानांत एक सूचना ठळक केली आहे. सात लेखकांचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला आहे. त्या रूपांतरात ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि ‘ॲ’ कधी गळतो. ‘दुसर्या’ लगेच डोळ्यांत खुपते. पण ‘दऱ्या’चे ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ झाले तर दोन्ही खरे शब्द असल्यामुळे संगणकाची शुद्धलेखन तपासणी गप्प बसते. वाक्य अर्थासह वाचणाऱ्यालाच ते सापडते. ताप अंगात असताना मी हे काम रेटले नाही, ते याच कारणाने. तसे वाचलेले पान वाचून झाले असे दिसते, म्हणून ते न वाचलेल्या पानापेक्षा जास्त घातक असते.

तिसरी फाइल शंका-यादीची. त्यातल्या तीन शंका आपल्याकडूनच सुटतील, म्हणून इथे लिहिते.

पान ६१ वर विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’चे वर्ष १८४३ आहे, त्याच लेखात पान ६४ वर १८४८ आहे. १८४३ बरोबर आहे. लेखकांना कळवून दुसरे बदलावे.

पान ८८ वरच्या कवितेत दुसरे आणि तिसरे कडवे जोडले गेल्यासारखे वाटते. कवीच्या मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावे, अंदाजाने मोकळी ओळ सोडू नये.

पान ११७ वर मजकूर कास पठाराचा आहे आणि छायाचित्राखाली महाबळेश्वर लिहिले आहे. छायाचित्र बदलायचे की ओळ, हे छायाचित्रकाराला विचारावे लागेल.

फाइलींच्या नावांत गोंधळ होऊ नये म्हणून फर्मा, वाचन आणि पाने अशा क्रमाने नावे द्यायची आहेत. उदाहरणार्थ, नवव्या फर्म्याच्या पहिल्या वाचनाच्या उरलेल्या पानांची फाइल `F09_V1_137-144.pdf`. दोन माणसे एका अंकावर काम करतात तेव्हा सर्वांत मोठा धोका जुन्या फाइलवर दुरुस्त्या करण्याचा असतो. म्हणून उमेशने नवी फाइल ठेवली की जुनी त्याच वेळी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी, असे आपणही त्याला सांगावे.

मानधन

दर करारातलेच : पहिले वाचन पानाला ३५ रुपये, दुसरे २५ रुपये. एकूण १२,४८० रुपये, त्यात वाढ नाही.

वैशालीताईंचे : ७२ पाने पहिले वाचन २,५२० आणि ८० पाने दुसरे वाचन २,०००, मिळून ४,५२० रुपये. ही रक्कम माझ्यामार्फत न देता थेट त्यांच्या नावे द्यावी आणि शक्यतो १८ तारखेला काम संपताच द्यावी. त्या ऐन वेळी आपली इतर कामे बाजूला ठेवत आहेत.

माझे : १३६ पाने पहिले वाचन ४,७६० आणि १२८ पाने दुसरे वाचन ३,२००, मिळून ७,९६० रुपये. ४,००० रुपये आगाऊ मिळाले आहेत, म्हणजे ३,९६० राहतात. शेवटच्या पडताळणीचे वेगळे काही नाही.

करारात २० तारखेनंतर दर दिवसाला ३०० रुपये कपातीचे कलम आहे. २१ आणि २२ या दोन दिवसांसाठी ते लावू नये, अशी विनंती आहे. माझ्यामुळे २२ च्या पुढे एकही दिवस गेला तर कपात मला मान्य असेल.

वैशालीताईंऐवजी आपल्या माहितीतला दुसरा मुद्रितशोधक नेमायचा असेल तरी माझी हरकत नाही, वरची वाटणी त्यांनाही तशीच लागू होईल. सगळे उरलेले काम दुसऱ्याकडे सोपवावे असे आपल्याला वाटले, तर आजपर्यंतचे माझे काम ५,९६० रुपयांचे होते. आगाऊ रक्कम वजा जाता १,९६० रुपये द्यावेत आणि करार तिथे थांबवावा. शंका-यादी आणि लेखनपद्धतीची पाने मी त्यांनाही पूर्ण समजावून देईन. या अंकातले लेख मला मनापासून आवडले आहेत आणि ते चांगले छापले जावेत, एवढी इच्छा आहे.

उद्या, ११ तारखेला, दुपारी बारापर्यंत या मेललाच ‘संमत’ एवढे उत्तर आले तरी पुरे. वैशालीताई दुपारपासून बसतील आणि त्या दिवसाची १८ पाने रात्रीपर्यंत उमेशकडे पोचतील. बोलायचे असेल तर दुपारी चार ते पाच या वेळेत फोन करावा. इतर वेळी फोन माझ्या मुलीकडे असतो, तिला निरोप दिला तरी चालेल.

आपली,
मेधा

सोबत : रक्ततपासणीचे अहवाल, डॉक्टरांचे पत्र, शंका-यादी, लेखनपद्धतीची दोन पाने