196 पैकी 41 : पाटोद्यातल्या अभ्यासाचे टिपण
(सामाजिक संशोधन पद्धती, दुसरे सत्र, क्षेत्रकार्याच्या आधी वाचण्यासाठी)

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातील तीन गावांत आम्ही ऊसतोड करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला गेलो होतो. पाळीच्या आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारी किती जणींना आहेत आणि दवाखान्यात जायला उशीर का होतो, हे आम्हाला हवे होते. 95 टक्के विश्वासपातळी आणि 7 टक्के त्रुटी धरून नमुना 196 चा काढला होता. मुलाखती झाल्या 41.

आमची तयारी दसऱ्याआधीची होती. नैतिकता समितीची मंजुरी मात्र दिवाळीच्या तोंडावर मिळाली. मुकादमाकडून हंगामाची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेल्या टोळ्या तोवर ऊसतोडीला निघायला लागल्या होत्या. यादीतल्या 212 नावांपैकी 94 घरांना कुलूप होते. दसरा-दिवाळीनंतर ही गावे रिकामी होतात हे मला माहीत होते. तरीही मी मंजुरीला दोन महिने धरले आणि त्यात एका आठवड्याचीही सवड ठेवली नाही. उशीर समितीकडून झाला, पण वेळापत्रक माझे होते.

कुलपांचा हिशेब तरी मांडता येतो. ज्या 118 बाया घरी भेटल्या, त्यांतल्या 77 जणींनी मुलाखत दिली नाही, आणि मला सर्वांत जास्त शिकवले ते त्यांनी.

दुसऱ्या गावात एका बाईने दारातच विचारले, “पिशवीचंच विचारायला आलात ना?” 2019 मध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्यापासून या गावांनी पत्रकार पाहिले, सरकारी सर्वेक्षण पाहिले. एकच दुखणे किती वेळा उघडे करायचे? आमच्या प्रस्तावात ‘पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा’ चार पानांचा होता. ज्यांचा अभ्यास झाला त्यांना तो कसा वाटला, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

दुसरे कारण अंगठ्याचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. गावात सहज उपलब्ध, बारावी झालेली, बोलकी अशी एक सून होती. तिला आम्ही साक्षीला बसवले. ती मुकादमाच्या घरची आहे हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले. म्हणजे ज्याच्या उचलीच्या कागदावर नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडीची हंगामभराची मजुरी, बांधला जातो, त्याच्याच घरातल्या माणसासमोर आम्ही बायकांना आणखी एका कागदावर अंगठा द्यायला सांगत होतो. फॉर्ममध्ये ‘सहभाग ऐच्छिक आहे’ असे ठळक छापले होते. मला आजही या गोष्टीची लाज वाटते. त्या पाच दिवसांत ज्यांनी ‘हो’ म्हटले, त्यांच्या होकाराचीही मला खात्री देता येत नाही.

या 77 जणींच्या नोंदीत आम्ही एकच शब्द लिहिला: ‘नकार’. वर सांगितलेली कारणे हाती राहिली, ती एका सहकारी मुलीने स्वतःच्या वहीत 19 जणींचे शब्द जसेच्या तसे टिपले म्हणून. उरलेल्या 58 जणी काय म्हणाल्या ते गेले.

संख्या वाढेना तेव्हा दोन वर्षांपूर्वी तोड सोडलेल्या सहा बायकांना आम्ही आत घेतले. आकडा 47 झाला. विश्लेषणाच्या वेळी पुन्हा त्यांना बाजूला काढले, कारण निकष मध्येच सैल केला की आपण कोणाबद्दल बोलतो आहोत हेच बदलते. 41 पैकी 17 जणींनी अंगावरून जाण्याची तक्रार सांगितली. हे 41 टक्के. साध्या सूत्राने विश्वासांतर काढा: 26 ते 57 टक्के. आणि हे अंतरसुद्धा नमुना यादृच्छिक होता असे धरून. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच जणी आशाताईंच्या ओळखीच्या, म्हणजे दवाखान्याशी आधीच संबंध असलेल्या. हा कल 196 पूर्ण झाले असते तरी तसाच राहिला असता. म्हणून अहवालात आम्ही प्रमाण दिले नाही. दवाखान्यात जायला उशीर का होतो यावरच्या मुलाखती सविस्तर मांडल्या आणि 212 पासून 41 पर्यंतची गळती पहिल्याच तक्त्यात दाखवली.

या सत्रापासून क्षेत्रकार्यात तीन बदल आहेत. प्रश्नावलीची पूर्वचाचणी सगळेच करतात. तुम्ही संमती घेण्याचीही करायची: कोण साक्षीला, कुठे बसून, कोणाच्या नजरेसमोर. गावातल्या चार-पाच जणींबरोबर बसून वर्षाचे कॅलेंडर काढायचे, आणि मंजुरीचा अर्ज त्यावरून मागे मोजून टाकायचा. आणि न आलेल्यांची वही ठेवायची. समोरची बोलायला तयार असेल तरच कारण विचारा, तिच्या शब्दांत लिहा, नाव लिहू नका. या वहीला 20 गुण आहेत, मुलाखतींच्या संख्येला एकही नाही.

तोडीचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, वैशाखात, आम्ही निष्कर्ष सांगायला परत गेलो. अनुदान मार्चमध्येच संपले होते. दारात पिशवीचे विचारणारी ती बाई त्या बैठकीला आली आणि शेवटपर्यंत बसली. जाताना म्हणाली, “सांगायला परत आलेले तुम्हीच पहिले.” तिची मुलाखत आम्ही मागितली नाही.