निकाल जसा लागला, तसाच छापला!

सेकंड पीयूसी सायन्स आणि सीईटी, 2025
टिळकवाडी, बेळगाव

आमच्या क्लासमधून 64 मुलं परीक्षेला बसली. डिस्टिंक्शन 11, फर्स्ट क्लास 34, सेकंड क्लास 12, काठावर पास 2. पाच जण पहिल्या परीक्षेत अडकले. त्यांतले चौघे दुसऱ्या परीक्षेत सुटले, एकाचा फिजिक्स राहिला. तो अजून रोज संध्याकाळी येतो. त्याची फी घेत नाही.

सीईटीच्या आधी फक्त दोन महिन्यांसाठी आलेली मुलं या आकड्यांत धरलेली नाहीत. त्यांची तयारी दुसरीकडे झाली होती, श्रेय आमचं नव्हे.

फोटो छापले आहेत ते निकाल लागल्यावर मुलांना आणि घरच्यांना विचारून. काहींनी नको म्हटलं, म्हणून पहिल्या आलेल्या मुलीचाही फोटो इथे दिसणार नाही.

वाट आम्ही दाखवू, चालायचं तुम्ही!

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात आलं, की हुशार मूलही वर्गात गप्प बसतं. खानापूर, येळ्ळूर, उचगावकडून येणाऱ्या मुलांत हे दरवर्षी बघतो. म्हणून पहिले तीन महिने धडा आधी मराठीत समजावतो, मग तोच इंग्रजीत लिहून घेतो. 'त्वरण' कळलेल्या मुलाला 'अ‍ॅक्सलरेशन' जड जात नाही. पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे, हेही पहिल्याच दिवशी सांगतो.

इंजिनिअरिंगची सीईटी रँक काढताना पीयूसीचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. त्यामुळे कॉलेज बुडवून नुसते ऑप्शन घोटा, असं आम्ही सांगत नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, एवढं मात्र घोकून घेतो.

रँकची हमी नाही. सीटची हमी नाही. 'नापास झाल्यास पैसे परत' ही योजनाही नाही. दर रविवारी टेस्ट होईल, बुधवारपर्यंत तपासलेला पेपर हातात मिळेल आणि सलग दोन टेस्ट बुडल्या तर घरी फोन येईल, हे आमच्या हातात आहे आणि ते आम्ही करतो.

एका बॅचला 40 मुलं, जास्त नाहीत. फी तीन हप्त्यांत, दारावरच्या फळ्यावर लिहिलेली आहे. मधेच क्लास सोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे हिशेबाने परत. संध्याकाळचा बॅच साडेसातला सुटतो, कारण गावाकडची बस गाठायची असते.

ॲडमिशन सुरू. दहावी पास झालेल्यांसाठीच. आधी तीन दिवस वर्गात बसून बघा, पैसे नंतर भरा. पालकांनी येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावं, दोन वर्षं बाकावर त्यांनाच बसायचं आहे.