वैशे, आधी पूर्ण वाच, मग रड

तुझे सगळे मेसेज आत्ता घरी येऊन वाचले. लोकलमध्ये मोबाईल काढायला हात मोकळा नव्हता. "मला नाही जमणार गं" हे तू सात वेळा लिहिलंयस. आता माझं ऐक.

२०१६ चा उन्हाळा आठव. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती लातूरवर, आणि टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून १४४ लावलं होतं. तेव्हा आपल्या गल्लीत टँकर आला की वही घेऊन कोण उभं राहायचं? तू. शाळेतली पोरगी! कोपऱ्यावरच्या काकांनी तिसरी घागर पुढे सरकवली, तर तू नळी बाजूला धरलीस आणि म्हणालीस, "काका, तुमच्या नावापुढं दोनच आहेत." काका ओरडले, काकू ओरडल्या, तुझी आई घरातून हाका मारायला लागली. तू नळी सोडली नाहीस. आणि तू आता लोअर परळच्या एका मॅनेजरला घाबरतेस?

कामाचं म्हणशील तर तू मार्केट यार्डात आडतीवर बसलेली बाई आहेस. सोयाबीनच्या सीझनला बाहेर ट्रॅक्टरची रांग, समोर शेतकरी पट्टीसाठी उभा, हमाली-तोलाई वजा करून हिशोब तोंडपाठ. इथं एसीत बसून टॅलीच करायची आहे. इंग्रजीचं टेन्शन तर सोडूनच दे. इथं निम्मं ऑफिस हिंदी-मराठीतच बोलतं, इंग्रजी फक्त मेलपुरतं. पहिले मेल मला पाठव, मी बघून देईन.

पहिला आठवडा जड जाईल, खोटं कशाला बोलू. पाय दुखतील, घरची आठवण येईल, संध्याकाळी उगाच चिडशील. चिडायला मी आहे.

आता कामाचं. लातूर एक्स्प्रेसनं ये, पण दादरपर्यंत जाऊ नकोस, ठाण्यालाच उतर. कल्याण सुटलं की मिस कॉल दे, मी प्लॅटफॉर्मवर असेन. सोमवारी आपण बरोबरच निघू. तुझं स्टेशन करी रोड, तिथं फास्ट थांबत नाही, त्यामुळे स्लोच पकडायची. ठाण्याहून सुटणारी मिळाली तर बसायलाही मिळेल. परत येताना लेडीज डब्यात चढलीस की बसलेल्या बायकांना सरळ विचारायचं, "कुठे उतरणार?" जी आधी उतरणार तिची सीट तुझी. लाजलीस तर ठाण्यापर्यंत उभी!

पीजीचं डिपॉझिट मी भरलंय. पहिल्या पगारावर दे, त्याआधी विषय काढलास तर मार खाशील.

सामान कमी आण. गादी, बादली, इस्त्री सगळं इथं आहे. फक्त काकूंना सांग, काळा मसाला किलोभर हवा, आणि शेंगाची चटणी वेगळ्या डब्यात. मागच्या वेळी तेल गळून तुझा ड्रेस गेला होता.

तिकीट कन्फर्म झालं का ते आत्ता सांग. झोपू नकोस तशीच.