विषय : ऑफर लेटरवर सही करण्याआधी प्रोबेशन, कन्फर्मेशन आणि नोटीस पिरियडबद्दल विचारणा

दिनांक : 13 मार्च 2026

नमस्कार मॅडम,

बुधवारी पाठवलेलं ऑफर लेटर मिळालं. सिनियर क्वालिटी इंजिनिअर म्हणून निवड केल्याबद्दल मनापासून आभार. पगाराबद्दल माझं काही म्हणणं नाही, फोनवर जे ठरलं तेच पत्रात आलंय. चाकणला यायचं हेही घरी ठरलंय. फक्त सही करण्याआधी काही गोष्टी पत्रावरून नीट उलगडल्या नाहीत. फोनच करणार होते, मग म्हटलं लिहूनच विचारावं, म्हणजे उत्तरही लिहून मिळेल.

कलम 4 मध्ये प्रोबेशन सहा महिन्यांचा आहे आणि ‘व्यवस्थापनास आवश्यक वाटल्यास तो वाढविण्यात येईल’ असं आहे. किती महिन्यांनी वाढेल आणि किती वेळा, हे कुठेच नाही. त्याच्याच पुढचं वाक्य म्हणतं की लेखी पत्र मिळाल्याशिवाय कर्मचारी कायम समजला जाणार नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की प्रश्न पडतो : सहा महिने संपले, कुणी काहीच कळवलं नाही, तर मी कोण?

हा प्रश्न उगाच शंका काढायची म्हणून विचारत नाहीये. माझ्या पहिल्या नोकरीत, सातपूरला, हेच झालं. तिथेही प्रोबेशन सहा महिन्यांचाच होता. पाचव्या महिन्यात एचआरचे साहेब सोडून गेले आणि माझा फॉर्म त्यांच्या कपाटात राहिला. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण पत्र हातात पडलं चौदाव्या महिन्यात. मधल्या काळात फ्लॅटसाठी कर्जाचा अर्ज केला होता. बँकेने कन्फर्मेशन लेटर मागितलं, आणि ते मिळेपर्यंत बिल्डरकडे टोकन अडकून पडलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण भोगलं आम्हीच. म्हणून विनंती अशी की मुदतवाढ जास्तीत जास्त एकदाच आणि तीन महिन्यांपर्यंतच, आणि ती द्यायची असेल तर सहा महिने पुरे होण्याआधी कारणासह लेखी कळवली जाईल, असं पत्रात घालता येईल का?

याला पगारवाढीचीही एक गाठ आहे. कलम 9 प्रमाणे एप्रिलची वाढ 31 डिसेंबरला कायम असलेल्यांनाच मिळते. मी 18 मे रोजी रुजू झाले तर सहा महिने 17 नोव्हेंबरला भरतात, म्हणजे वेळेत पत्र मिळालं तर 2027 च्या वाढीत मी बसते. तेच प्रोबेशन तीन महिने वाढला तर 17 फेब्रुवारी उजाडतो आणि पहिली वाढ थेट एप्रिल 2028 मध्ये. दोन वर्षांना महिना-दीड महिना कमी! अशा वेळी कन्फर्म झाल्या तारखेपासून काही प्रमाणात वाढ देण्याची पद्धत आहे का?

आता मुख्य मुद्दा, कन्फर्मेशन कशावर ठरतं. पत्रात ‘समाधानकारक कामगिरी’ एवढंच आहे. इंटरव्ह्यूच्या वेळी प्लांट हेड सर म्हणाले होते की क्वालिटीच्या माणसाला कस्टमर पीपीएमवर तोललं जातं. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण मे महिन्यात रुजू झालेल्या माणसाच्या नावावर जून-जुलैत ज्या तक्रारी येतात, त्यातला बराच माल मार्च-एप्रिलमध्ये निघून गेलेला असतो. थोडा वाटेत असतो, थोडा कस्टमरच्या गोडाउनमध्ये, आणि लाइनवर चढल्यावर मग ब्लोहोल दिसतो. तो पार्ट मी पाहिलेलाही नसतो. कास्टिंग बाहेरून येत असेल तर सप्लायरकडे डाय दुरुस्त करून घेण्यातच दोन-अडीच महिने जातात.

त्यामुळे पीपीएमचा आकडा धरायचाच असेल तर मी आल्यानंतर डिस्पॅच झालेल्या मालाचाच धरावा, असं सुचवते. त्याच्या जोडीला माझ्या हातातल्या गोष्टी बघाव्यात : तक्रारीला 8डी वेळेत गेला का, तीच तक्रार पुन्हा आली का, नव्या पार्टचं पीपॅप पहिल्या फेरीत मंजूर झालं का, इनहाउस रिजेक्शन कुठून कुठे आलं. हे निकष आणि त्यांचं वजन रुजू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत कागदावर मिळेल का? मूल्यमापन कोण करणार, प्लांट हेड सर की पुण्याच्या ऑफिसमधले कॉर्पोरेट क्वालिटी हेड? आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदा मध्येच बसून बोलणं होईल का? कमी पडत असेन तर सुधारायला तीन महिने हातात राहतात. सहाव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

नोटिशीचं कलम वाचून थोडी गोंधळले. प्रोबेशनमध्ये कंपनीने काढलं तर सात दिवस, मी सोडलं तर तीस दिवस. दोन्हीकडून तीस दिवस करता येतील का? नाशिकहून बिऱ्हाड हलवून येणाऱ्या माणसाला सात दिवसांत घरमालकाशीही हिशेब मिटवता येत नाही. कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी नव्वद दिवस आहेत, ते चालेल. पण नोटीस पूर्ण न केल्यास ‘वेतन’ वसूल होईल असं लिहिलंय, ते मूळ वेतन की एकूण? मूळ 31,000 धरलं तर तीन महिन्यांचे 93,000 होतात, एकूण 62,000 धरलं तर 1,86,000. कंपनीने नोटीस न देता पैसे दिले तर तेही याच हिशेबाने का? शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते का?

सामान हलवण्यासाठीचे 40,000 वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचे आहेत, हे मान्य. पण कंपनीनेच कन्फर्म केलं नाही तर ते माझ्याकडून घेतले जाणार नाहीत, एवढं एक वाक्य जोडावं.

शेवटचं, मेडिक्लेम. पीएफ पहिल्या दिवसापासून आहे, तो प्रश्न नाही. पण मेडिक्लेम कन्फर्मेशननंतर सुरू होतो असं रिक्रूटमेंटच्या मुलाने फोनवर ओझरतं सांगितलं, पत्रात मात्र काहीच नाही. इथली पॉलिसी माझ्या शेवटच्या दिवशी बंद होईल आणि ती आमच्या तिघांची आहे. तसं असेल तर मधल्या सहा महिन्यांसाठी मी स्वतःची काढेन, फक्त आधी कळायला हवं.

माझा इथला नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. 18 मे गाठायचं तर 18 मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, राजीनामा द्यावा लागेल, आणि तुमच्या सुधारित पत्रावर सही केल्याशिवाय तो मी देणार नाही. त्यामुळे मंगळवार 17 तारखेपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल. एखादी गोष्ट धोरणात बसत नसेल तर तसं स्पष्ट कळवा, मी त्यावर विचार करीन. सोमवारी आमच्याकडे ऑडिट आहे, दिवसभर फोन लॉकरमध्ये असेल. ईमेल संध्याकाळी साडेपाचनंतर बघते.

आपली,
स्वाती