अभिनंदन, वैशालीताई!

प्लांट क्वालिटी हेड! तुमची ही पोस्ट वाचून फार आनंद झाला, ताई. ती आधी लाइनवरच्या पोरांना दाखवली. सेकंड शिफ्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. क्वालिटीच्या माणसासाठी प्रॉडक्शनवाले टाळ्या वाजवतात म्हणजे काय, हे चाकणमध्ये नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बाकीचे इथे लीडरशिप, डेडिकेशन वगैरे लिहितीलच. मला मात्र हाउसिंगच्या बोअरचं ते प्रकरण आठवलं. ऐन एप्रिलात कस्टमरची तक्रार आली, बोअर 10 मायक्रॉनने लहान. आणि आपल्याकडे मशीनपाशी मोजलेला प्रत्येक पीस ओके! 8D रिपोर्ट लगेच पाठवायचा होता. रूट कॉजच्या रकान्यात काय लिहायचं ते मीटिंगमध्ये जवळपास ठरलंच होतं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ट्रेनिंग दिलं. विषय संपला.

तुम्ही सही करायला साफ नकार दिलात. रात्री थांबलात, मशीनवरून नुकता उतरलेला पीस बोअर गेजने मोजलात, मार्करने त्यावरच आकडा लिहिलात आणि तो 20 अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये ठेवून दिलात. सकाळी तोच पीस, तोच गेज, आणि बोअर अंडरसाइज! अ‍ॅल्युमिनियमचा 50 मिलिमीटरचा बोअर 10 अंश जास्त गरम असला की 11-12 मायक्रॉन मोठा दिसतो, हे कॉलेजात सगळेच शिकतात. पण डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना ते आठवावं लागतं. तेव्हापासून पीस थंड झाल्याशिवाय कोणी गेज लावत नाही, मास्टर रिंगही त्याच टेबलावर असते.

तो ऑपरेटर तेव्हा कंत्राटी होता. त्या रकान्यात त्याचं नाव गेलं असतं तर पुढच्या महिन्यात तो गेटच्या आत दिसला नसता. आज तो परमनंट आहे, सेटर म्हणून नव्या पोरांना तयार करतो. त्यालाही पोस्ट दाखवली. म्हणाला, "ताईंना माझाही नमस्कार सांगा." तो इथे पोचवतो आहे.

आपली भांडणं झाली, आणि रेड बिनवरून पुढेही होतीलच. मार्चएंडला लाइन थांबवलीत तेव्हा मी काय काय बोललो ते इथे चारचौघांत लिहीत नाही! पण सही कुठे करायची नाही हे ज्याला कळतं, असाच माणूस त्या खुर्चीत बसायला हवा होता. मॅनेजमेंटचंही याबद्दल कौतुक.

घरच्यांनाही अभिनंदन सांगा. ऑडिटच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत तुमची वाट त्यांनीच पाहिली आहे.

आणि हो, पेढे फक्त ऑफिसात वाटून मोकळ्या होऊ नका. तिन्ही शिफ्टना मिळाले पाहिजेत. स्टँडर्ड रूममध्ये खायला बंदी तुम्हीच केली आहे, तेव्हा डबा घेऊन सरळ लाइनवर या.