खात्यातील शिल्लक रकमेचा मेसेज दिवसातून एकदाच मिळणार असल्याबाबत सूचना

जावक क्र. 46/2026-27
कराड शाखा, जि. सातारा
दिनांक : 15 जून 2026

सर्व सन्माननीय सभासद व खातेदार यांस,

बुधवार, दिनांक 1 जुलै 2026 पासून बचत व चालू खात्यांतील शिल्लक रकमेचा मेसेज प्रत्येक व्यवहारानंतर न येता, ज्या दिवशी खात्यात व्यवहार झाला असेल त्या दिवशी रात्री 8 ते 9 या वेळेत एकदाच, नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर येईल. त्यात सायंकाळी 7 वाजताची शिल्लक दर्शवलेली असेल. त्यानंतरचे व्यवहार पुढील मेसेजमध्ये धरले जातील. वटणावळीसाठी दिलेल्या धनादेशाची रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत या शिलकेत दिसणार नाही.

हा बदल केवळ शिलकेच्या मेसेजपुरता आहे. पैसे जमा झाल्याचा किंवा नावे पडल्याचा मेसेज पूर्वीप्रमाणेच व्यवहार होताच मिळेल, मग तो व्यवहार यूपीआयचा असो, एटीएमचा असो वा काउंटरवरचा. तसेच ओटीपीच्या सेवेतही कोणताही फरक पडणार नाही. आजवर एका व्यवहारामागे दोन मेसेज जात असल्याने, विशेषतः क्यूआर कोडवर दिवसभर लहान लहान रकमा स्वीकारणाऱ्या व्यापारी सभासदांच्या मोबाइलवर मेसेजची इतकी गर्दी होत असे की, खात्यातून पैसे गेल्याचा महत्त्वाचा मेसेज नजरेतून सुटण्याचा धोका होता. दुकानदारांनी ग्राहकाचे पैसे आल्याची खात्री जमेच्या मेसेजवरून करावी, ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवरून करू नये, हेही या निमित्ताने आवर्जून सांगावेसे वाटते.

आपण न केलेला व्यवहार मेसेजमध्ये आढळल्यास रात्रीच्या मेसेजची वाट न पाहता तत्काळ शाखेस कळवावे आणि 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना त्रयस्थामार्फत अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खातेदारावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. विलंब जितका जास्त, तितकी ही जबाबदारी वाढू शकते.

कर्जाचा हप्ता किंवा दिलेला धनादेश वटण्याच्या दिवशी आदल्या रात्रीच्या शिलकेवर विसंबू नये. त्या वेळची शिलक मोबाइल बँकिंगमध्ये, एटीएमवर अथवा शाखेत पासबुक भरून घेऊन पाहता येईल. संयुक्त खात्याचा मेसेज प्रथम खातेदाराच्या क्रमांकावर जाईल. मोबाइल क्रमांक बदलला असल्यास संबंधितांनी आधार कार्ड व पासबुकासह 27 जूनपूर्वी स्वतः शाखेत येऊन अर्ज द्यावा. फोनवरून क्रमांक बदलून दिला जाणार नाही. या बदलासाठी कोणतीही लिंक उघडण्याची, ओटीपी सांगण्याची किंवा शुल्क भरण्याची आवश्यकता नाही, व तशी मागणी करणारा फोन बँकेचा नाही असे समजावे.

अधिक माहितीसाठी पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेल्या शाखेच्या दूरध्वनीवर कामकाजाच्या वेळेत संपर्क साधावा.

आपला विश्वासू,
शाखाधिकारी
कराड शाखा